फरक सोळाशे वीस रुपयांचा

दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर व्यापाऱ्याच्या नावाने एक तक्ता तयार होतो. त्याचं नाव जीएसटीआर-२बी, पण हिशेबनीसांच्या तोंडी नुसतं ‘टूबी’. ज्यांनी आपल्याला माल विकला, त्यांनी त्यांच्या विक्रीच्या विवरणात आपल्या नावावर कोणती बिलं दाखवली, याची ती यादी असते. २० तारखेपर्यंत आपलं मासिक रिटर्न, म्हणजे थ्रीबी, भरायचं असतं. मधल्या सहा दिवसांत औद्योगिक वसाहतींतल्या हिशेबाच्या टेबलांवरून जे फोन जातात, त्यातले बरेचसे एकाच वाक्याने सुरू होतात. “शेठ, आमचं बिल टूबीत दिसत नाही.” आणि पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, “अहो, टाकलंय की!”

या फोनमागे पैसे अडकलेले असतात. कारखानदार लाखाचा माल घेतो तेव्हा १८ टक्क्यांनी अठरा हजार रुपये कर विक्रेत्याला देतो. पुढे आपला तयार माल विकताना तो गिऱ्हाइकाकडून कर घेतो आणि सरकारला भरताना आधी दिलेले अठरा हजार त्यातून वजा करतो. ही वजावट म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट. पूर्वी हातात बिल आणि गोदामात माल असला की काम भागायचं. १ जानेवारी २०२२ पासून कायद्याच्या कलम १६ मध्ये एक अट वाढली. विक्रेत्याने ते बिल आपल्या जीएसटीआर-१ विवरणात दाखवलेलं हवं आणि ते खरेदीदाराच्या टूबीत उतरलेलं हवं. त्याआधी थोडी सूट होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये, दिसणाऱ्या क्रेडिटच्या वर आणखी २० टक्के घेता येत होतं. मग ते १० झालं, मग ५, आणि शेवटी शून्य. आता जे दिसत नाही ते घेता येत नाही.

मग सोपंच झालं की, टूबीचा आकडा उचलायचा आणि रिटर्नमध्ये टाकायचा, असं पुष्कळांना वाटतं. पोर्टलसुद्धा तो आकडा थ्रीबीत आपणहून भरून ठेवतं. गडबड होते ती इथेच.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतला एक मशीन शॉप समजा. कास्टिंगवर मशीनिंग करून देणारा, महिन्याचं रिटर्न भरणारा. आकडे मी समजावण्यासाठी जुळवले आहेत, चुका मात्र कुठल्याही कचेरीत महिन्याला भेटणाऱ्या. ऑक्टोबर २०२५ महिन्यात त्याच्या खरेदी रजिस्टरप्रमाणे क्रेडिट आहे ३,४३,६२० रुपये. टूबीत दिसतंय ३,४२,००० रुपये. फरक १,६२० रुपये. घाईतला हिशेबनीस म्हणेल, एवढ्याशा फरकासाठी कोण डोकं फोडत बसणार? कमी आहे तो टूबीचा आकडा घेऊ, म्हणजे कुणी बोट ठेवणार नाही. त्यातून जरा शोधाशोध करणाऱ्याला गोव्याच्या हॉटेलचं एक बिल सापडेल, त्यावर केंद्राचा कर बरोबर १,६२० रुपये, आणि त्याला वाटेल की चोर सापडला. सापडलेला नाही. एकूण बेरजेतला फरक हा वजाबाकी होऊन उरलेला असतो. वहीत आहे पण टूबीत नाही असं काही, आणि टूबीत आहे पण वहीत नाही असं काही, ही दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. त्यामुळे बिलागणिक जुळणी केल्याशिवाय काहीच कळत नाही.

जुळणी करायची म्हणजे दोन याद्या समोरासमोर ठेवायच्या. एक टॅलीतून किंवा जे सॉफ्टवेअर असेल त्यातून काढलेलं खरेदी रजिस्टर, दुसरी पोर्टलवरून एक्सेलमध्ये उतरवलेली टूबी. बिल ओळखायचं ते विक्रेत्याचा जीएसटी नंबर आणि बिल नंबर या जोडीने. जीएसटी नंबर सहसा त्रास देत नाही. त्रास देतो बिल नंबर. विक्रेत्याच्या कागदावर GE/0412/25-26 छापलेलं असतं. आपल्याकडचा मुलगा एंट्री करताना GE-412/25-26 लिहितो किंवा नुसतंच 412. त्यातून एक्सेलची स्वतःची हुशारी वेगळीच. 0412 मधलं पुढचं शून्य ते गिळून टाकतं आणि 10/25 असा बिल नंबर असेल तर त्याची तारीख करून ठेवतं. म्हणून तो कॉलम आधीच ‘टेक्स्ट’ करून घ्यावा. नियमाप्रमाणे बिल नंबर सोळा अक्षरांच्या आत असावा लागतो आणि त्यात अक्षरं-आकड्यांखेरीज फक्त आडवी रेघ आणि तिरपी रेघ चालते. त्यामुळे या दोन रेघा काढून टाकल्या की बराच कचरा निघतो. A कॉलममध्ये जीएसटी नंबर आणि B मध्ये बिल नंबर असेल तर दोन्ही याद्यांत ही ओळख तयार करावी:

```
=A2&"|"&SUBSTITUTE(SUBSTITUTE(B2,"/",""),"-","")
```

पहिल्या फेरीत ही ओळख जशीच्या तशी जुळते का ते पाहायचं. जी बिलं उरतात त्यांच्यासाठी दुसरी फेरी. त्यात बिल नंबर सोडून द्यायचा आणि त्याच विक्रेत्याचं, तेवढ्याच कराचं बिल शोधायचं, रुपया-दोन रुपये इकडेतिकडे धरून. या फेरीत जुळणारी बिलं खरी चुकीची नसतात, फक्त आपल्याकडे वेडीवाकडी लिहिलेली असतात. शिरोलीच्या आपल्या कारखान्यात दोन्ही फेऱ्या झाल्यावर ३,१०,६८० रुपयांचं क्रेडिट दोन्हीकडे सारखं निघालं. उरली पाच बिलं. वहीत होती पण टूबीच्या बेरजेत नव्हती अशी तीन, त्यांचा कर ३२,९४० रुपये. टूबीत होती पण वहीत नव्हती अशी दोन, कर ३१,३२० रुपये. वजाबाकी तीच, १,६२०.

पहिलं बिल टूल इन्सर्टच्या व्यापाऱ्याचं, मालाची किंमत एक लाख वीस हजार, कर २१,६०० रुपये. त्याचं म्हणणं, “टाकणार आहे, माझं तिमाही असतं.” हे खरं असू शकतं. ज्याची वर्षाची उलाढाल ५ कोटींपर्यंत आहे त्याला तीन महिन्यांतून एकदा रिटर्न भरायची मुभा आहे. गिऱ्हाइकांचं क्रेडिट अडू नये म्हणून तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांत नुसती बिलं चढवण्याची वेगळी सोयही आहे, पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत. पण ती ऐच्छिक आहे आणि छोटा व्यापारी सल्लागाराला तीनदा बोलावण्यापेक्षा एकदाच बोलावतो. त्यामुळे हे ऑक्टोबरचं बिल दिसेल ते डिसेंबरच्या टूबीत, म्हणजे १४ जानेवारीला. इथे चूक कुणाचीच नाही, पण कारखान्याचे २१,६०० रुपये दोन महिने अडकले. खरेदी करतानाच “मासिक की तिमाही?” हे विचारून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. पोर्टलवर कुठल्याही जीएसटी नंबरची रिटर्नं तपासता येतात, त्यातही ते कळतं.

दुसरं बिल बेअरिंगच्या दुकानदाराचं, पंचेचाळीस हजारांचं, कर ८,१०० रुपये. हा मासिक रिटर्न भरणारा, आणि “टाकलंय की” यावर ठाम. खोटं तो बोलत नाही. त्याने टाकलं आहे, पण दुसऱ्याच्या नावावर. लोकांना वाटतं, जीएसटी नंबरातला एखादा आकडा चुकला असेल. तसं सहसा होत नाही. पंधरा अक्षरांच्या त्या नंबरात पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०; पुढची दहा अक्षरं पॅन; आणि सगळ्यात शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून गणित करून काढलेलं असतं. मधला एक आकडा चुकला की शेवटचं अक्षर जमत नाही आणि पोर्टल तो नंबर घेतच नाही. म्हणून अशी चूक झाली तर ती बहुधा खऱ्या, चालू नंबरावर होते. बिलिंगच्या यादीत एकाखाली एक ‘इंजिनिअरिंग वर्क्स’ आणि ‘इंजिनिअर्स’ असतात आणि माउस एक ओळ खाली घसरतो. आणखी एक नेहमीचा प्रकार म्हणजे गिऱ्हाइकाचा नंबरच न टाकता बिल किरकोळ विक्रीत घालणं. कर सरकारला पोचतो, पण तो कुणाच्याच खात्यावर दिसत नाही.

दुकानदाराकडून तेवढ्या बिलाचा जीएसटीआर-१ मधला उतारा मागितला की सगळं दिसतं. त्याने पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये ते बिल दुरुस्त करायचं. ते करून घेण्याला मुदत आहे. २०२५-२६ या वर्षातल्या बिलाचं क्रेडिट ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत, किंवा वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तोपर्यंतच घेता येतं. त्यानंतर बिल कितीही खरं असो, क्रेडिट गेलं.

तिसरं ते गोव्याच्या हॉटेलचं. मालक पणजीला दोन रात्री राहिले, खोलीचं भाडं अठरा हजार, त्यावर १८ टक्क्यांनी ३,२४० रुपये कर. बिलावर कारखान्याचा जीएसटी नंबर आहे आणि हॉटेलने ते व्यवस्थित दाखवलंही आहे. तरी ते टूबीच्या बेरजेत नाही, कारण ते ‘क्रेडिट उपलब्ध नाही’ या वेगळ्या पानावर बसलं आहे. हॉटेलात राहण्याची सेवा ही ज्या राज्यात इमारत उभी आहे तिथलीच धरली जाते. म्हणून हॉटेलने अर्धा कर केंद्राचा आणि अर्धा गोव्याचा लावला. गोव्याला दिलेला कर महाराष्ट्रातल्या नोंदणीवर वजा होत नाही, आणि त्याच्या जोडीचा केंद्राचा भागही नाही. हे ३,२४० रुपये खर्चात टाकायचे आणि विसरायचे. यासाठी हॉटेलला फोन करून “बिल टाका हो” म्हणणारे महाभाग आहेत.

आता उलट बाजू. टूबीत पुण्याच्या एका मोटार उत्पादकाचं बिल आहे, दीड लाखाचं, कर २७,००० रुपये. बिल ३० ऑक्टोबरचं, पण मोटारी शिरोलीला उतरल्या ४ नोव्हेंबरला, म्हणून वहीत ते नोव्हेंबरमध्ये आलं. हा फरक अगदी निरुपद्रवी दिसतो. पण कायद्याची जुनी अट अजून शाबूत आहे. माल हातात आल्याशिवाय क्रेडिट नाही. म्हणून टूबीत दिसत असूनही हे ऑक्टोबरमध्ये घ्यायचं नाही, नोव्हेंबरमध्ये घ्यायचं.

पाचवं बिल आहे चोवीस हजारांचं, कर ४,३२० रुपये, सांगलीच्या एका हार्डवेअरवाल्याचं. कारखान्याने त्याच्याकडून कधी खिळासुद्धा घेतलेला नाही. हे सगळ्यात मजेचं, कारण दुसऱ्या कुणाच्या तरी यादीत जे बिल ‘दिसत नाही’ म्हणून फोन चालले आहेत, ते आपल्याकडे येऊन बसलं आहे. बेअरिंगवाल्याचं आपलं बिल असंच कुणाच्या तरी टूबीत पाहुणं म्हणून गेलं असणार.

ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टीम नावाची सोय आहे, लोक तिला आयएमएस म्हणतात. आपल्या नावावर आलेलं प्रत्येक बिल तिथे स्वीकारता येतं, नाकारता येतं किंवा प्रलंबित ठेवता येतं. मोटारीचं बिल प्रलंबित ठेवायचं, हार्डवेअरचं नाकारायचं. १४ तारखेनंतर पण रिटर्न भरण्याआधी हे केलं तर टूबीची बेरीज पुन्हा काढून घ्यायची. नाकारलेलं बिल विक्रेत्याला त्याच्या बाजूने दिसतं, त्यामुळे सांगलीच्या माणसालाही आपली चूक कळते आणि त्याचं खरं गिऱ्हाईक सुटतं. मात्र काहीच केलं नाही तर पोर्टल ते बिल आपण स्वीकारलं असंच धरतं. बहुतेक कचेऱ्यांत काहीच केलं जात नाही, ही माझ्या मते या सोयीतली खरी खोट आहे. मौनाला होकार धरायचं ठरवलं की पाहुणी बिलं मुकाट्याने क्रेडिटात शिरतात.

हिशेब असा निघाला. ऑक्टोबरचं बरोबर क्रेडिट ना वहीतलं, ना टूबीतलं. ते आहे जुळलेलं तेवढंच, ३,१०,६८० रुपये. टूबीचा आकडा डोळे झाकून उचलला असता तर ३१,३२० रुपये जास्त गेले असते. चुकीचं क्रेडिट घेऊन वापरलं तर त्यावर वर्षाला १८ टक्के व्याज आहे, म्हणजे महिन्याला साधारण ४७० रुपये. रक्कम छोटी वाटते, पण सांगलीचं बिल कुणाच्या ध्यानातच आलं नाही तर ते व्याज तीन वर्षांनी तपासणीत मोजलं जातं, वर दंडाचा विषय निघतो तो वेगळा. उलट, टूबीपेक्षा जास्त क्रेडिट घेतलं आणि फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला तर पोर्टल स्वतःच डीआरसी-०१सी नावाची सूचना धाडतं. सात दिवसांत पैसे भरा किंवा कारण द्या. दोन्ही केलं नाही तर पुढचं जीएसटीआर-१ भरता येत नाही. मग आपली बिलं आपल्या गिऱ्हाइकांच्या टूबीत दिसेनाशी होतात आणि फोन आपल्याकडे यायला लागतात.

इथवरचे सगळे फरक डोळ्यांना दिसणारे होते. ज्याची मला जास्त धास्ती वाटते तो जुळलेल्या ३,१०,६८० रुपयांत बसलेला आहे. कूलंट ऑइलचा एक पुरवठादार आहे, सत्तर हजारांचं बिल, कर १२,६०० रुपये. बिल नंबर जुळतो, तारीख जुळते, पैसा न् पैसा जुळतो. त्याने जीएसटीआर-१ भरलं, पण थ्रीबी भरलं नाही. म्हणजे ‘मी एवढं विकलं’ हे सांगितलं आणि कर मात्र भरला नाही. टूबी जीएसटीआर-१ वरून तयार होते, म्हणून तिथे सगळं हिरवंगार दिसतं. पण कलम १६ मध्ये आणखी एक अट आहे. कर प्रत्यक्ष सरकारजमा झालेला हवा.

यासाठी नियम ३७ए आहे. विक्रेत्याने त्या आर्थिक वर्षातलं थ्रीबी पुढच्या ३० सप्टेंबरपर्यंत भरलं नाही, तर खरेदीदाराने घेतलेलं क्रेडिट ३० नोव्हेंबरपर्यंत परत करायचं. तेवढ्या मुदतीत केलं तर व्याज नाही. पुढे कधी विक्रेत्याने भरलं तर क्रेडिट पुन्हा घेता येतं. ओळखायचं कसं? पोर्टलवर त्याचा नंबर टाकला की कुठल्या महिन्याचं कुठलं रिटर्न भरलं ते दिसतं. आणखी एक खूण आहे, ती अनुभवी लोक पटकन पकडतात. आधीच्या महिन्याचं थ्रीबी राहिलं असेल तर पोर्टल पुढचं जीएसटीआर-१ भरू देत नाही. म्हणून महिन्याला माल देणाऱ्या पार्टीची बिलं टूबीतून एकदम नाहीशी झाली, तर नव्या बिलांची चौकशी करता करता मागच्या महिन्याचं थ्रीबी आधी तपासावं. मात्र त्याने थ्रीबी भरलं पण त्यात कर कमी दाखवला, तर ते कळायला खरेदीदाराकडे काहीच साधन नाही.

महाराष्ट्राला हे दुखणं नवं नाही. व्हॅटच्या काळात ऑडिट रिपोर्टला जे-१ आणि जे-२ अशी परिशिष्टं असायची, एकात गिऱ्हाईकवार विक्री, दुसऱ्यात विक्रेतावार खरेदी. विक्रीकर विभाग दोन्ही ताडून पाहायचा आणि वर्षा-दोन वर्षांनी नोटीस यायची. विक्रेत्याने कर बुडवला तर खरेदीदाराला वजावट का नाकारायची, हा वाद कोल्हापूरच्याच महालक्ष्मी कॉटन जिनिंगच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला. २०१२ मध्ये न्यायालयाने सरकारची बाजू उचलली. कर तिजोरीत पोचला तेवढीच वजावट, ही अट वैध ठरली. जीएसटीत २०२३ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने सनक्राफ्ट एनर्जीच्या प्रकरणात वेगळा सूर लावला. आधी विक्रेत्यामागे लागा, तिथे वसुली होत नाही असं अपवादात्मक कारण असेल तरच खरेदीदाराकडे या. मला हे न्याय्य वाटतं. ज्याच्याकडे पैसे पोचले तो सरकारनेच नोंदणी दिलेला माणूस आहे, आणि त्याला गाठायची ताकद सरकारकडे आहे, बेअरिंग घेणाऱ्या कारखान्याकडे नाही. पण कायद्यातली अट आहे तशीच आहे, आणि नोटीस आली की न्यायालयात जाण्याआधी वर्षं निघून जातात.

म्हणून बाजाराने आपला उपाय काढला आहे. मालाचे पैसे वेळेवर द्यायचे आणि कराची रक्कम बिल टूबीत दिसेपर्यंत रोखून धरायची. मोठ्या कंपन्या सर्रास असं करतात. त्यात गंमत अशी की पाच कोटींच्या वरच्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचं असल्याने त्यांची बिलं विवरणात आपोआप उतरतात आणि चुका कमी होतात. चुका होतात त्या छोट्यांकडे. शिरोलीचा कारखानदार मधल्या पायरीवर उभा आहे. वरची कंपनी त्याचा कर अडवून ठेवते आणि त्याला मोटारी विकणाऱ्या उत्पादकाला तो स्वतः मात्र आगाऊ पैसे देतो. इन्सर्टवाला आणि बेअरिंगवाला यांच्याशी त्याचं वीस वर्षांचं येणंजाणं. तिथे “कर रोखतो” म्हणायला जीभ रेटत नाही.

अशा कारखान्यात बाकी काही नसलं तरी एक शीट पुढच्या महिन्यावर ओढत न्यावं लागतं. ऑक्टोबरनंतर त्यात चार ओळी राहतात. मोटारीचे २७,००० नोव्हेंबरच्या रिटर्नमध्ये घ्यायचे. इन्सर्टचे २१,६०० रुपये १४ जानेवारीला पाहायचे. बेअरिंगचे ८,१०० दुरुस्ती होईपर्यंत दर महिन्याला फोन करून मागायचे. आणि कूलंटच्या १२,६०० समोर ३० सप्टेंबर २०२६ ही तारीख लिहून ठेवायची, जुळलेलं बिल असलं तरी.